पाण्याखालच्या बाईचा श्वास

वर्णनबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण स्टुडिओत सगळे तिला याच नावानं हाक मारायचे, आणि तिलाही ते आवडत असावं, कारण आपल्या चहाच्या कपावर तिनं स्वतःच ते लिहून ठेवलं होतं.

नाव पडण्याला कारण होतं. तिची आई लवकर गेली, वडील कामासाठी परगावी, म्हणून ती आत्याकडे वाढली. आत्या एका कचेरीत टायपिस्ट. जीभही टाइपरायटरसारखीच: एक अक्षर वाया जायचं नाही आणि उमटलेलं पुसायचं नाही. पुढे आत्याला काचबिंदू झाला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग हळूहळू मधलंही गेलं. डोळे गेले, पण सिनेमाची हौस काही गेली नाही. "तू बघ, मी ऐकते," असं म्हणून ती भाचीला थिएटरात ओढून न्यायची, आणि भाची तिच्या कानाशी कुजबुजत राहायची: आता तो दाराशी आलाय, आता तिनं चिठ्ठी उशीखाली सरकवली, आता नुसताच रिकामा जिना दिसतोय. एकदा मागच्या रांगेतला गृहस्थ पुढे वाकून म्हणाला, "बाई, जरा हळू." थोड्या वेळानं पुन्हा वाकला. "बाई, जरा मोठ्यानं. माझ्या बायकोलाही ऐकायचंय."

त्या कुजबुजीचीच पुढे नोकरी झाली. अंधांसाठी सिनेमांची वर्णनं लिहिणाऱ्या एका कंपनीत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. मधल्या काळात लग्न झालं, मोडलं, आणि ती पुन्हा आत्याकडे राहायला आली. आत्या एवढंच म्हणाली, "बरं झालं. दुपारचे सिनेमे अडले होते."

मग वर्णनं लिहिणारं सॉफ्टवेअर आलं आणि कंपनीनं सगळ्यांना फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. चार महिने ती घरात बसली. शेवटी एका छोट्या स्टुडिओनं तिला बोलावलं. काम होतं प्रॉम्प्ट लिहायचं. म्हणजे यंत्राला शब्दांत सांगायचं की असं दृश्य हवं, आणि ते यंत्र त्याचा व्हिडिओ काढून देणार. आत्याला हे समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली. "म्हणजे तेच काम, उलट्या बाजूनं. शिवण उसवणारी आता शिवायला बसली म्हण की!"

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचा चमचा बशीत किणकिणायचा. वर्णनबाईच्या शेजारी बसायचा तो संकलक. त्याला सगळे दाढी म्हणत. दाढी होती म्हणून नव्हे, तर ती वाढवायचा त्याचा प्रयत्न दर वर्षी फसायचा म्हणून. वर्णनबाईनं दृश्यं मागवायची, दाढीनं ती कापून जोडायची, अशी वाटणी.

तिथे एक दिवस एका इस्पितळाचं काम आलं. कॅन्सरचे रोगी जिथे तासन् तास सलाईन लावून खुर्च्यांवर बसतात, त्या खोलीच्या भिंतीवर मोठा पडदा बसवला होता. त्या विभागाच्या मुख्य सिस्टर स्वतः आल्या. ठेंगण्या, चालताना सुद्धा काहीतरी मोजत असल्यासारख्या. म्हणाल्या, "आधी आम्ही एक बाजारातला व्हिडिओ लावला होता. समुद्राखालचा. दोघांना मळमळायला लागलं. या औषधांनी मळमळ तशीही होतेच, तीत आमची भर नको. मला पाणी हवं, ऊन हवं, कुणीतरी सावकाश पोहताना हवं. बघणाऱ्याचा जीव शांत झाला पाहिजे."

"होऊन जाईल," वर्णनबाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

तिनं पहिला प्रॉम्प्ट लिहिला तो असा फर्मास की दाढीनं मोठ्यानं वाचून दाखवला. स्वप्नमय निळाई, जादुई किरण, नाचणारे प्रकाशकण, जलपरीसारखी अलगद पोहणारी स्त्री. यंत्रानं थोड्या वेळात दृश्य काढून दिलं आणि दोघंही ते बघत राहिले. ऊन तर लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांसारखं लुकलुकत होतं. जादुई कण वरून खाली भुरभुर पडत होते, जणू समुद्रात बर्फ पडतोय. आणि ती स्त्री?

"हिची बस सुटत्येय," दाढी म्हणाला.

खरंच ती पाण्यात धावत होती. हातपाय सारखे चालू, आणि कॅमेरा तिच्या मागे, पुढे, डोक्यावरून, पोटाखालून भिरभिरतोय.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. तिनं लिहिलं, "बुडबुडे नकोत," तर बुडबुडे दुप्पट झाले. दाढीला या यंत्राची खोड माहीत होती. "त्याला 'नको' नीट ऐकू येत नाही. बुडबुडे हा शब्द दिसला की टाकलेच त्यानं. जे नकोय त्याचं नावच काढायचं नाही. जे आहे तेवढंच सांगायचं." तिनं लिहिलं, "उन्हाची जाळी संथ हलावी." या धंद्यात त्या जाळीला कॉस्टिक्स म्हणतात: पाण्याच्या लाटांमधून ऊन गोळा होऊन तळावर ज्या उजळ रेघा हलतात, त्या. यंत्रानं जाळी दिली, पण ती रांगोळीच्या ठशासारखी वाळूवर चिकटून बसली. कॅमेरा सरकला की जाळीही त्याच्यासोबत सरके. दुसऱ्या खेपेला जाळी त्या बाईच्या पोटावर सुद्धा आली, म्हणजे ऊन जणू खालून उगवलं होतं.

कसंबसं जुळवून त्यांनी एक तुकडा इस्पितळात दाखवायला नेला. सिस्टर खुर्चीवर बसल्या, थोडा वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. "छान आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्याच पोटात ढवळतंय, आणि मी आज सकाळपासून फक्त चहा प्यायलेय."

त्या संध्याकाळी वर्णनबाई घरी आली ती तोंड पाडून. आत्यानं पायांच्या आवाजावरूनच ओळखलं. "काय झालं? कुणी ओरडलं?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं."

"वाच बघू काय लिहिलंयस ते."

तिनं वाचलं. आत्या मान हलवत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "छान आहे. पण मी कुठेय यात?"

"तू कशाला असशील? समुद्र आहे, बाई पोहत्येय."

"अगं, मी म्हणजे बघणारी! तू सिनेमा सांगायचीस तेव्हा आधी मला कुठेतरी उभं करायचीस. आपण खिडकीबाहेर आहोत, आपण टेबलाच्या या बाजूला आहोत. आत्ता मला कळेचना की मी तळाशी बसलेय की बाईच्या खांद्यावर. डोकं गरगरलं."

वर्णनबाईनं लिहिलेलं पुन्हा वाचलं. पंधरा वर्षांची सवय, आणि नेमकी तीच इथे गळली होती. कॅमेरा कुठे आहे हे तिनं सांगितलंच नव्हतं. मग यंत्रानं त्याला वाट्टेल तिकडे फिरवलं, त्यात त्याचा काय दोष?

"आणि ऊन कुठनं येतंय?" आत्यानं विचारलं.

"वरून. म्हणजे... वरूनच असणार ना."

"तुला माहीत नाहीये," आत्या म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "तू कधी पाण्याखाली डोकं घातलंयस?"

नव्हतं घातलं. बादलीत सुद्धा नाही. तिला पाण्याची भीती नव्हती, पण कधी वेळच आली नव्हती. सिनेमातला समुद्र सांगितला होता तोही दुसऱ्याच्या कॅमेऱ्यानं पाहिलेला.

रविवारी दोघी पोहण्याच्या उघड्या तलावावर गेल्या. आत्या पायऱ्यांवर बसली, पाय पाण्यात सोडून. वर्णनबाई भाड्याचा चष्मा लावून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, नाक दाबलं आणि खाली बसली. पहिल्यांदा लगेच वर आली, ठसका लागला. दुसऱ्यांदा जरा टिकली. मग तिला नादच लागला. ती खाली जायची, वर यायची आणि धापा टाकत आत्याला सांगायची.

"जाळी फरशीवर आहे. पण स्थिर नाही गं. रेघा एकमेकींना भेटतात, तुटतात, दुसरीकडे जुळतात."

"भरभर की हळू?"

"आत्ता भरभर. पोरं उड्या मारतायत ना."

थोड्या वेळानं शिट्टी वाजली, पोरं खाऊ खायला बाहेर पळाली. पाणी निवलं. ती पुन्हा खाली गेली, तर जाळीही निवली होती. रेघा लांब झाल्या होत्या आणि आळसावल्यासारख्या सरकत होत्या. एक ढग आला तशी जाळी पुसली गेली, ढग गेला तशी उमटली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: जाळीला हळू हल म्हणून सांगण्यात अर्थ नाही. वरच्या पाण्याला सांगायचं. वर लांब, सपाट लाटा असल्या की खाली जाळी आपोआप संथ होते.

पलीकडे एक म्हातारी बाई पोहत होती. वय असेल सत्तरीचं, टोपी घट्ट, अंगात घाई नाही. तिच्या पाठीवरून, खांद्यांवरून जाळी वाहत होती, पोटाकडे मात्र नुसती सावली आणि फरशीवरून उसळलेला मऊ उजेड. ती पायांनी पाणी ढकले आणि मग काही करतच नसे. हात पुढे, पाय जुळलेले, नुसती सरकत राही. वेग संपत आला की पुढची ढकल. पोहण्यातला अर्धा भाग तर काहीही न करण्याचा होता!

आणि कण. ते तिला अगदी शेवटी दिसले. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात बारीक धूळ तरंगत होती. ती खाली पडत नव्हती, वर जात नव्हती. पाणी हलेल तशी हलत होती. चष्म्याजवळचे कण मोठे आणि पुसट, लांबचे सुईच्या टोकाएवढे. म्हातारीचा हात गेला तिथे ते गोल फिरले आणि पुन्हा स्वस्थ झाले.

"हात दे," ती आत्याला म्हणाली आणि तिचा हात पाण्याखाली धरला. "तुझ्या मनगटावर आत्ता जाळी आहे."

आत्यानं हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "काही कळत नाही," ती म्हणाली. "नुसतं गार लागतं." आणि जरा वेळानं, "राहू दे तसाच. खेळू दे त्या रेघांना."

सोमवारी तिनं नवा प्रॉम्प्ट लिहिला. त्यात एकही स्वप्न नव्हतं, एकही परी नव्हती. कॅमेरा तळाजवळ, वाळूपासून हातभर वर, जागेवर स्थिर. पाणी दोन पुरुष खोल. दुपारचं ऊन डावीकडून तिरपं. पृष्ठभागावर लांब, सपाट लाटा. वाळूवर आणि पोहणारीच्या पाठीवर उन्हाची जाळी, अंगाखाली मऊ सावली. पाण्यात विखुरलेले बारीक कण, पाण्याबरोबर सगळे एकाच मंद ओढीनं सरकणारे, जवळचे पुसट. एक वयस्क स्त्री उजवीकडून येते, एकदा पायांनी पाणी ढकलते आणि बराच वेळ नुसती सरकते. केस आणि कपड्याची कड हालचालीच्या जरा मागून येतात. लांबवर एक कासव.

दाढीनं वाचलं. "हे तर औषधाच्या चिठ्ठीसारखं झालं."

"यंत्राला पाणी माहीत नाही," ती म्हणाली. "माणसाला 'स्वप्न' म्हटलं की त्याला त्याचं पाणी आठवतं. याला सगळं सांगावं लागतं."

यंत्रानं तरीही आपले गुण दाखवले. एकदा बाईला तिसरा हात फुटला, एकदा कासव शेपटीकडून पोहलं. पण दहा-बारा खेपांनंतर जे आलं ते पाहून दाढीनं खुर्ची मागे घेतली आणि ते पुन्हा लावलं. यंत्र एका वेळी काही सेकंदांचाच तुकडा देत असे, म्हणून एका तुकड्याचं शेवटचं चित्र पुढच्याची सुरुवात म्हणून द्यायचं, असं करत दाढीनं सगळं सलग जोडलं. सांधा कुठे आहे ते वर्णनबाईलाही ओळखता येईना. बाई येते, सरकते, वळते, कासवाशेजारून जाते, परत येते. थांबणं नाही.

पडदा सुरू झाला. सिस्टरना मळमळलं नाही, रोग्यांनाही नाही. एका आजींनी विणकाम खाली ठेवलं. दुसऱ्या एका बाईंनी ते कासव कुठेच कसं पोहोचत नाही म्हणून तक्रार केली, पण ती हसत हसत. स्टुडिओत पेढे नाहीत तरी केक आला. काम फत्ते झालं असं सगळे धरून चालले.

आठवड्यानं सिस्टरचा फोन आला. "तुम्ही एकदा येऊन जाल का? तक्रार म्हणता येणार नाही. पण एक गृहस्थ आहेत, त्यांचं तुम्हीच ऐका."

ते गृहस्थ बसचालक होते. निवृत्त. फुप्फुसाचा आजार, नाकात नळी. दोन शब्दांमध्ये थांबून बोलायचे, पण बोलण्यात ऐट होती.

"तुम्ही केलंय हे?"

"आम्ही दोघांनी. आणि यंत्रानं."

"सुरेख आहे. ऊन तर असं, की हात घालावासा वाटतो." ते थांबले, श्वास घेतला. "पण एक विचारू? ही बाई श्वास कधी घेते?"

वर्णनबाई पडद्याकडे बघत राहिली. बाई येत होती, सरकत होती, वळत होती.

"मी पहिल्या दिवशी बघत बसलो," बसवाले काका म्हणाले, "आणि माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून बसलोय. म्हटलं, आता वर जाईल, आता जाईल. ती जातच नाही. मग मलाच धाप लागली. मी खुर्ची फिरवून घेतली. तिचा राग नाही हो. पण माझ्यासारख्याला तेवढंच दिसतं."

पोहण्याचा ताल, हातांची वळणं, केसांचं मागे राहणं, सगळं वर्णनबाईनं पाहिलं होतं. तलावातली म्हातारी दर ढकलीनंतर डोकं वर काढत होती हेही नक्की पाहिलं असणार. पण ती स्वतः पाण्याखाली होती, आणि म्हातारीचं डोकं वर गेलं की तिच्यासाठी चित्र संपत होतं.

"चुकलं," ती म्हणाली. "दुरुस्त करते."

"घाई नाही," काका म्हणाले. "मी आहे अजून." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

दाढीनं हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "सगळीकडचे बुडबुडे काढण्यात आपला जीव गेला. आता परत आणायचे?"

"सगळीकडे नाही. एकाच ठिकाणी. नाकाशी."

काम सोपं नव्हतं. खालून पाहिलं तर पाण्याचं छत कसं दिसतं, हे यंत्राला धड येईना. ते तिथे निळं आकाश रंगवी, नाहीतर बाईचं डोकं छतात अडकवून ठेवी. वर्णनबाई पुन्हा तलावावर गेली. या वेळी पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला खांब धरून उताणं कसं बुडायचं ते दाखवलं. खालून तिला दिसलं: डोक्यावर उजेडाचं एक गोल तोंड, त्यात बाहेरचं जग गोळा झालेलं, आणि त्याच्या पलीकडे सगळं छत आरसा, तळाची फरशी उलटी दाखवणारा. एक मुलगी श्वासासाठी वर गेली. तिचं डोकं नाहीसं झालं. मानेपासून खालचं अंग तेवढं लोंबत राहिलं, पाय मंद हलवत, आणि जिथे ती वर घुसली तिथून गोल लाटा पसरल्या. खाली फरशीवरची जाळी क्षणभर विसकटली. मग मुलगी खाली आली, नाकातून चार-पाच बुडबुडे सोडत, आणि ते तिला मागे टाकून वर निघून गेले.

तिनं हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. दृश्य जमायला आणखी बराच वेळ गेला. कासवालाही त्यांनी वर नेलं, कारण दाढीनं शोधून काढलं की कासवाचंही हवेवाचून चालत नाही. "आता एकाला सोडलं तर दुसरा रोगी विचारेल," तो म्हणाला.

नवी फीत लावली त्या दिवशी वर्णनबाई आत्याला घेऊनच इस्पितळात गेली. सिस्टरनं खुर्ची दिली. बसवाले काका आपल्या जागी होते. या वेळी खुर्ची पडद्याकडे तोंड करून.

"सांग," आत्या म्हणाली.

वर्णनबाईनं प्रॉम्प्टचा कागद आणला होता, पण तो तिनं पिशवीत ठेवून दिला. तो यंत्राला सांगायचा मजकूर होता. आत्याच्या कानाशी वाकून ती हलक्या आवाजात बोलू लागली, मध्ये मध्ये काहीच न बोलता. बाई आली. सरकत्येय. पाठीवरून ऊन चाललंय. आता काही नाही, नुसतं पाणी. आता ती वर निघाली.

पलीकडे काका पडद्याकडे बघत होते. बाईचं डोकं त्या उजेडात गेलं तशी त्यांची छाती वर आली, जेवढी येत होती तेवढी. ती वर थांबली होती तोवर तेही थांबले. मग ती बुडबुडे सोडत खाली आली आणि त्यांनी सावकाश श्वास सोडला.

"गेली का खाली?" आत्यानं विचारलं.

"हो."

"घाई केली नाही ना तिनं?"

"नाही."

काकांनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे त्यांच्या लक्षात आले असावेत. "पुन्हा जाईल हो ती," ते म्हणाले. "कासवापाशी वळली की जाते. मी सांगतो तुम्हाला."

आणि भाचीला बाजूला सारून, दोन शब्दांमध्ये थांबत थांबत, पुढचं सगळं त्यांनीच सांगितलं.